मॉनिटर गुलाबी झालाय, काळ्याच्या जागी हिरवं दिसतंय. केबल, सेटिंग की पॅनल?

शेवंती
नमस्कार मंडळी. घरी २४ इंची मॉनिटर आहे, पाच वर्षं झाली, सीपीयूला एचडीएमआय केबलने जोडलेला. परवा रात्री लाईट गेली, थोड्या वेळाने आली, सकाळी पीसी लावला तर सगळी स्क्रीन गुलाबी. एक्सेलची पांढरी शीट फिक्कट गुलाबी दिसतेय आणि खालचा टास्कबार जो काळा असायचा तो शेवाळासारखा गडद हिरवा. सगळ्यात चमत्कारिक म्हणजे ज्यांचे कागद यायचे बाकी आहेत त्यांचे सेल मी लाल करून ठेवते, ते लाल सेल मात्र लालच दिसतात!

मी घरून जीएसटी रिटर्नची कामं घेते, २० तारीख तोंडावर आलीये. मॉनिटर दुकानात नेला तर त्यांनी लावून बघितलाही नाही, नुसतं ऐकून पॅनल गेलं म्हणाले, साडेचार हजार लागतील, त्यापेक्षा नवीनच घ्या. तसाच परत आणला. खरंच पॅनल गेलं असेल का? पैसे घालायच्या आधी घरच्या घरी काही बघता येईल का?

रांगडा_गडी
ताई, एचडीएमआय डिजिटल असतं. डिजिटल केबलमध्ये एक तर चित्र नीट येतं नाहीतर येतच नाही, मध्ये काही नसतं. रंग बिघडायचा प्रकार जुन्या व्हीजीए केबलचा. त्यामुळे केबलवर पैसे घालू नका. लाईट गेली-आली म्हणताय म्हणजे झटका बसून मॉनिटरचा बोर्ड नाहीतर पॅनल गेलेलं असणार. माझ्या चुलत्याचा टीव्ही असाच गेला होता.

ओंजळ
माझ्या मोबाईलवर पण सेम झालंय, वरपासून खालपर्यंत एक हिरवी उभी रेघ आलीये, अपडेट केल्यापासून. केबल बदलून जाईल का? चार्जिंगची केबल तशी जुनीच आहे.

तारयंत्र
शेवंतीताई, लगेच काही विकत घेऊ नका. मी बावीस वर्षं डोंबिवलीत मॉनिटर दुरुस्त करतोय, तुमच्या लिहिण्यातल्या दोन गोष्टींवरून मला पॅनल गेलंय असं वाटत नाही. एक म्हणजे काळं हिरवं दिसतंय, दुसरं म्हणजे लाल लालच राहिलंय. तरी अंदाजावर नको जायला, तीन गोष्टी करून इथे लिहा.

पहिली, मॉनिटरच्या बुडाशी बटणं असतील त्यातलं मेनूचं बटण दाबा. जी छोटी चौकट उघडते ती पीसीकडून येत नाही, मॉनिटर स्वतःच काढतो. ती नेहमीच्या रंगात आहे की तीही गुलाबी?

दुसरी, मॉनिटर चालू असताना एचडीएमआय केबल मागून काढा आणि 'No Signal'ची पाटी कशी दिसते ते बघा.

तिसरी जरा वेळ घेऊन करा. पेंटमध्ये तीन मोठे चौकोन काढा. 'Edit colors'मध्ये Red, Green, Blue या तिन्ही खणांत पहिल्या चौकोनाला ०, दुसऱ्याला १२८, तिसऱ्याला २५५ भरा. म्हणजे काळा, मधला करडा आणि पांढरा. आता तिन्ही चौकोन डोळ्याला कुठल्या रंगाचे दिसतात ते सांगा. मला त्यातला करडा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

ओंजळ, मोबाईलची एकच उभी रेघ हे वेगळं दुखणं आहे, ते डिस्प्लेचंच असतं. चार्जिंगच्या केबलचा आणि त्याचा काही संबंध नाही. सर्व्हिस सेंटरला दाखवा, आणि अपडेटनंतर आली हे तिथे आवर्जून सांगा.

बार्शीकर
तारयंत्र दादा, विषय निघालाच आहे तर आमचंही विचारून घेतो. टायपिंगची इन्स्टिट्यूट आहे, बारा पीसी, सगळे मॉनिटर जुने व्हीजीएवाले. सात नंबरचा मॉनिटर गेल्या आठवड्यापासून जांभळट गुलाबी येतोय पण काळं मात्र काळंच आहे, आणि केबल मागे जरा दाबून धरली की एकदम नीट होतो आणि हात सोडला की परत गुलाबी. पोरं मागे पुठ्ठ्याचा तुकडा खोचून काम करतात. मी प्लग काढून बघितला तर आत मधल्या ओळीतली एक पिनच नाही! तुटून कुठे पडली कोण जाणे, खाली झाडून सुद्धा बघितलं पण सापडली नाही.

तारयंत्र
बार्शीकर, मधल्या ओळीतली न दिसणारी पिन नऊ नंबरची असेल तर ती तुटलेली नाही, कितीतरी केबलमध्ये ती मुळात बसवलेलीच नसते. दुसरी चांगली केबल उघडून शेजारी धरा, तिलाही नसेल. त्या पिनमागे किती जण चांगल्या केबली टाकून देतात.

तुमचा दोष वरच्या ओळीत शोधा. व्हीजीएत लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग वेगवेगळ्या तारेने येतात, वरच्या ओळीतल्या एक, दोन, तीन नंबरच्या पिनांवर. पांढऱ्यातून हिरवा गेला की उरतो लाल आणि निळा, म्हणजे तुमचा जांभळट गुलाबी. म्हणून दोन नंबर बघा, वाकलेली तरी असेल नाहीतर प्लगच्या तोंडाशी तार आतून सुटलेली असेल. लाल गेला असता तर पांढरं आकाशी दिसलं असतं, निळा गेला असता तर पिवळं. आणि काळं काळंच राहणार, कारण काळ्यासाठी कुठल्याच तारेवर काही पाठवायचं नसतं, मग तार असली काय नि तुटली काय.

मल्टिमीटर आहे का? असला तर केबल दोन्हीकडून मोकळी करा, बीपवर ठेवून या टोकाची दोन नंबरची पिन त्या टोकाच्या दोन नंबरला लावा आणि एका हाताने केबल प्लगजवळ वाकवत राहा. बीप तुटला की केबल बाद. बीप सलग येत असेल तर मॉनिटर बंद करून त्याच्या मागच्या सॉकेटवर दोन आणि सात नंबरमध्ये ओहम मोजा, साधारण ७५ यायला पाहिजेत. एक-सहा आणि तीन-आठ या जोड्यांतही तेवढेच येतील, त्यांच्याशी ताडून बघा. फक्त दोन-सातमध्येच काही येत नसेल तर मॉनिटरच्या सॉकेटचं सोल्डर सुटलंय, दहा मिनिटांचं काम आहे.

शेवंती
दादा, केलं सगळं. मेनूची चौकट अगदी व्यवस्थित आहे, पांढरी अक्षरं पांढरीच. केबल काढल्यावर येणारी पाटी पण नेहमीसारखी, मागचं काळं अगदी स्वच्छ काळं.

पेंटमधले चौकोन: ०चा चौकोन गडद हिरवा, २५५चा फिक्कट गुलाबी. आणि १२८चा करडाच आहे!! मी दोनदा आकडे तपासले. मुलाला बोलावून विचारलं, तोही ग्रेच म्हणाला. बाकी सगळं बिघडलेलं असताना हा एकटा चौकोन बरोबर कसा?

तारयंत्र
तर मग पॅनल ठणठणीत आहे. केबलही नाही. तुमचा पीसी एका भाषेत बोलतोय आणि मॉनिटर ते दुसऱ्या भाषेत वाचतोय, एवढंच झालंय.

करड्याचं सांगतो. पीसी साधारणपणे आरजीबीत पाठवतो, म्हणजे दर ठिपक्याला तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. दुसरी पद्धत टीव्ही-व्हिडिओकडची, मेनूमध्ये तिला YPbPr नाहीतर YCbCr म्हणतात. तिथेही तीनच आकडे, पण त्यातला एक उजेड किती ते सांगतो आणि उरलेले दोन सांगतात की रंग निळ्याकडे आणि लालकडे किती झुकलाय. त्या दोन आकड्यांत १२८ म्हणजे कुठेच झुकलेला नाही, बिनरंगी. आता केबलवर ज्या जागेवरून हिरव्याचा आकडा जातो त्याच जागेवरून दुसऱ्या पद्धतीत उजेडाचा आकडा जातो, निळ्याच्या जागेवरून निळ्याचा कल आणि लालच्या जागेवरून लालचा कल.

मग तुमचा पांढरा घ्या. पीसीने पाठवलं २५५, २५५, २५५. मॉनिटरने वाचलं की उजेड पूर्ण, निळ्याकडे पूर्ण कल, लालकडेही पूर्ण कल. लाल नि निळं दोन्ही ओसंडणार आणि हिरवं कमी पडणार. एचडीच्या सूत्राने हिशेब केला तर लाल २५५, हिरवा १८४ च्या आसपास, निळा २५५ येतो, तो हाच फिक्कट गुलाबी. काळ्यासाठी पाठवलं ०, ०, ०. मॉनिटरने वाचलं की उजेड नाही पण लाल आणि निळ्यापासून पूर्ण उलट्या बाजूला कल, आणि दोन्हीच्या उलट बाजूला हिरवाच आहे. म्हणून ७७ च्या आसपास हिरवा उमटतो, तुमचा शेवाळी टास्कबार. करड्याचे १२८, १२८, १२८ मात्र दोन्ही पद्धतींत जवळपास एकच अर्थ सांगतात, मध्यम उजेड नि कल नाही. म्हणून तो वाचला.

तुमचे लाल सेलही त्याच कारणाने लाल राहिले. २५५, ०, ० हे दुसऱ्या पद्धतीने वाचलं तरी लालकडे पूर्ण कल आणि निळ्याकडे उलटा, म्हणजे लालच, जरा गडद एवढंच. तार तुटली असती तर करडा कधीच करडा राहिला नसता, बार्शीकरांच्या सात नंबरवर हेच चौकोन लावून बघा, करडा जांभळा दिसेल.

आता उपाय. मॉनिटरच्या मेनूत 'Input Color Format' किंवा नुसतं 'Color Format' असं काही आहे का बघा, बहुतेक 'Color'च्या पानावर सापडेल. ते YPbPr किंवा YCbCr वर गेलेलं असणार, RGB करा. तसं काही सापडलं नाही तर मेनूतूनच फॅक्टरी रीसेट मारा. मात्र आधी ब्राइटनेस वगैरेचे आकडे मोबाईलने फोटो काढून ठेवा.

रांगडा_गडी
पण मग डिजिटल केबलने रंग बिघडत नाही हे माझं म्हणणं बरोबरच ठरलं ना? केबल नव्हतीच!

तारयंत्र
या वेळी केबल नव्हती हे बरोबर, पण नियम म्हणून ते धरू नका. साध्या एचडीएमआयमध्ये आरजीबी असताना रंगांच्या तीन जोड्या असतात: एकीवर निळा, एकीवर हिरवा, एकीवर लाल. चित्राची ओळ कुठे सुरू होते नि कुठे संपते ते सांगणारी खूण निळ्याच्या जोडीवरून येते. त्यामुळे निळ्याची जोडी तुटली की चित्रच जातं, तुम्ही म्हणता तसं 'येतच नाही'. हिरव्याची किंवा लालची तुटली तर काही मॉनिटर काळे पडतात आणि काही तसंच चित्र दाखवतात, एक रंग वजा करून. माझ्याकडे अशा केसेस येतात, बहुतेक वेळा सॉकेटमधली पट्टी दबलेली असते, कारण कुणीतरी मॉनिटर भिंतीला टेकवून केबल काटकोनात मुडपलेली असते.

आणि नुसती कमजोर केबल असेल तर अख्ख्या स्क्रीनवर रंग चढत नाही. अधूनमधून रंगीत ठिपके चमकतात, रेघा येतात, नाहीतर दोन सेकंद स्क्रीन जाते नि येते.

डिस्प्लेपोर्टचं निराळं आहे. तिथे एकेक तार एकेका रंगाला वाटून दिलेली नसते, त्यामुळे एक तार गेली म्हणून एक रंग गेला असं तिथे होत नाही.

कुंचला
मध्येच लिहितेय. माझा फोटो प्रिंटिंगचा व्यवसाय आहे आणि माझ्याकडेही पांढरं किंचित गुलाबी दिसायचं, पण शेवंतीताईंसारखं भडक नाही, पांढरा कागद शेजारी धरला तरच कळायचं. काळं काळंच. मी दोन केबली बदलल्या. शेवटी मेनूत कलर टेंपरेचर 'User'वर होतं आणि त्यात लाल १००, हिरवा ९१, निळा १०० असे आकडे निघाले. हिरवा १०० केला आणि गेलं. विंडोजचं Night Light पण आधी बंद करून बघा, पण त्याने पिवळट-नारिंगी होतं, गुलाबी नाही.

तारयंत्र
बरोबर, हा तिसरा प्रकार. काळं साफ, करड्यावर नि पांढऱ्यावर हलकी झाक, आणि केबल हलवली तरी काही फरक नाही, तर आकडेच बघायचे. तुमचं काम रंगाचं आहे म्हणून सांगतो, तिन्ही १०० म्हणजे शुद्ध पांढरं असंही नाही, प्रत्येक पॅनल वेगळं असतं. कॅलिब्रेटर लावून घ्या.

शेवंती
झालं!!! 'Color' मध्ये 'Input Color Format' होतं, YPbPr वर. RGB केलं आणि डोळ्यासमोर टास्कबार काळा झाला, शीट पांढरी झाली. साडेचार हजार वाचले दादा, कसे आभार मानू. आता रात्री बसून सहा रिटर्न संपवते.

पण हे आपोआप कसं बदललं? मी तर त्या बटणांना कधी हात लावत नाही.

तारयंत्र
बटणं बुडाशी असतात, मॉनिटर पुसताना किंवा सरकवताना बोटं तिथेच लागतात, हे मी नेहमी बघतो. लाईटच्या झटक्याने सेटिंग उलटलं असेल तर ते इथे बसून सिद्ध करता येणार नाही. पुन्हा लाईट गेल्यावर तेच झालं तर मात्र इथे नक्की लिहा, मग मॉनिटरच्या बोर्डकडे बघावं लागेल. मेनूला 'Lock' असेल तर लावून ठेवा.

शेवंती
पुसला होता खरा, त्याच दिवशी संध्याकाळी. ओल्या फडक्याने खालची कड सुद्धा. लॉक लावते.

परदेशी_पाखरू
धागा वाचून लगेच तीन चौकोन करून बघितले. मी आइंडहोव्हनला असतो, एका मॉनिटरवर ऑफिसचा लॅपटॉप आणि घरचा पीसी, मध्ये एचडीएमआय स्विचचा डबा. लॅपटॉप झोपून उठला की कधीकधी सगळं रंगीत होतं, पण माझं शेवंतीताईंच्या बरोबर उलट: काळं जांभळं, पांढरं हिरवं. करडा मात्र करडाच! केबल काढून घातली की नीट. हे रोज होत नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. घरच्या पीसीला कधीच झालं नाही.

तारयंत्र
तुमचं उलट आहे कारण भाषांची अदलाबदल उलट झालीये. तुमचा लॅपटॉप YCbCr मध्ये पाठवतोय आणि मॉनिटर ते आरजीबी समजून दाखवतोय. पांढऱ्याला उजेड २३५ आणि दोन्ही कल १२८, ते हिरव्याच्या जागेवर २३५ नि बाकी १२८ असं वाचलं की हिरवट. काळ्याला उजेड १६ आणि कल १२८, ते लाल नि निळा १२८, हिरवा जवळजवळ नाही, म्हणून जांभळं.

एचडीएमआयमध्ये चित्राबरोबर एक चिठ्ठी सारखी जात असते, 'मी अमुक पद्धतीत पाठवतोय' अशी. ती चिठ्ठी मिळाली नाही की मॉनिटर आरजीबी धरून चालतो. लॅपटॉप उठताना तुमच्या डब्याकडून ती पुढे जात नसावी असा माझा कयास आहे. ताडून बघायचं तर डबा काढा, लॅपटॉप थेट मॉनिटरला लावा आणि आठवडाभर झोपवा-उठवा.

डबा ठेवायचाच असेल तर लॅपटॉपलाच आरजीबी पाठवायला लावा, म्हणजे चिठ्ठी हरवली तरी नुकसान नाही, कारण मॉनिटर जे धरून चालणार तेच येत असेल. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर NVIDIA Control Panel मध्ये 'Change resolution'च्या पानावर खाली 'Use NVIDIA color settings' निवडा आणि 'Output color format' RGB करा, शेजारी 'Output dynamic range' Full. एएमडी असेल तर त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेच्या पानावर 'Pixel Format' असतं, तिथे RGB 4:4:4 मधलं Full लिहिलेलं घ्या. मॉनिटर दोन्ही पद्धती चालतात म्हणून सांगतो तेव्हा एएमडी बऱ्याचदा आपणहून YCbCr धरतं.

परदेशी_पाखरू
एएमडीच आहे. पण ते सॉफ्टवेअर ऑफिसने लॉक केलंय, उघडतच नाही. आयटीला तिकीट टाकलंय. तोवर डबा काढून थेट लावलाय, आज चौथा दिवस, तीन दिवस काहीच नाही. आज सकाळी मात्र उठल्या उठल्या दोन सेकंद जांभळं दिसलं आणि आपोआप नीट झालं. डबा नसताना!

तारयंत्र
मग दोष सगळा डब्यावर टाकता येत नाही, माझा कयास अर्धाच खरा निघाला. दोन सेकंदांत सुधारतंय म्हणजे चिठ्ठी उशिरा का होईना पोचतेय. पुढच्या वेळी होईल तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि त्याच वेळी मॉनिटरच्या मेनूत 'Input' की 'Info'च्या पानावर कुठला फॉरमॅट लिहून येतो ते दिसतंय का बघा. आयटीने RGB करून दिलं की कळवा.

बार्शीकर
दादा, दोन नंबरची पिन होती. प्लगपाशी केबल वाकवली की बीप तुटत होता. करडा चौकोन पण लावून बघितला, जांभळाच दिसला. दुसरी केबल लावली, सात नंबर चालू झाला, पुठ्ठा काढून टाकला. आणि नऊ नंबरची पिन बाकी अकरा केबलींपैकी आठांत नाहीये, सगळ्या उघडून मोजल्या.